इंग्रजीतलं निरोपाचं भाषण: दीडशे शब्द आणि एक गेट

प्रश्न: सर, माझी मुलगी चोपडा तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. निरोप समारंभात तिला इंग्रजीत दोन मिनिटं बोलायला सांगितलंय. नेटवरून एक चांगलं भाषण उतरवून दिलं, चार दिवस पाठ करतेय, पण तिसऱ्या वाक्याला अडकते आणि म्हणते, "पप्पा, माले इंग्रजीमा बोलता येत नही." आठ दिवस राहिलेत. काय करावं?

उत्तर: भाऊ, ते उतरवलेलं भाषण आजच बाजूला ठेवा. आठ दिवस पुरेसे आहेत, पण ते पाठ करण्यात घालवायचे नाहीत. ही भाषणं मी तीस वर्षं ऐकली. 'टुडे इज अ डे ऑफ मिक्स्ड इमोशन्स'ने सुरू होतात, मग 'टाइम फ्लाइज' येतं, मग 'अल्मा मॅटर'. मुलीला सहज विचारा, 'मिक्स्ड इमोशन्स' म्हणजे काय, मराठीत सांग. सांगता आलं नाही तर ती कुठे अडकते ते कळेल. अर्थ माहीत नसलेला शब्द डोक्यात फक्त आवाज म्हणून राहतो. घरात तो आवाज बरोबर निघतो. मांडवात, स्पीकरमधून स्वतःचाच आवाज वेगळा ऐकू आला की ती साखळी तुटते, आणि मग पुढचा शब्द आठवायला धरायला काहीच नसतं. मी शिकवायचो त्या शाळेत एक हुशार मुलगा असाच चौथ्या वाक्याला थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबला. मुलं टाळ्या वाजवायला लागली आणि तो खाली उतरला. भाषण मी लिहून दिलं होतं. तेव्हापासून मी कोणालाही भाषण लिहून दिलं नाही, त्यांच्याकडून काढून घेतलं.

ते कसं काढायचं हे एका मुलीच्या उदाहरणाने सांगतो.

ती तापीकाठच्या एका गावाहून एसटीने यायची. तीही तुमच्या मुलीसारखीच उतरवलेलं भाषण घेऊन आली होती. मी वही मिटवली आणि विचारलं, "शाळेतलं काय आठवेल तुला? घरी बोलतेस तसं सांग." आधी ती म्हणाली, सगळंच आठवेल. हे उत्तर सगळीच मुलं देतात, त्यावर थांबायचं नाही. मी म्हटलं, "सकाळी एसटीतून उतरलीस की पहिलं काय दिसतं?" म्हणाली, गेट. "गेटवर कोण?" मग ती अहिराणीत बोलायला लागली आणि थांबेचना. केळीच्या गाड्यांमुळे फाट्यावर एसटी अडकायची. प्रार्थना पावणेअकराला. प्रार्थना झाली की गेट बंद करायचा नियम. पण शिपाई काका कडीवर हात ठेईसन रस्त्याकडे बघत उभे असायचे, आणि एसटीतली शेवटची पोर आत आल्याशिवाय कडी लागायची नाही. पाच वर्षं हे रोज चाललं. "आणि सर, मी त्यांना कधी काही म्हटलंच नाही."

भाषण सापडलं ते इथे. तिने काय सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत कागदावर घेतलं होतं. तुम्हीही तसंच करा. मुलीला समोर बसवा, घरच्या बोलीत बोलू द्या, तुम्ही फक्त लिहा. प्रश्न विचारायचे ते डोळ्यांना दिसेल अशा गोष्टीचे: कुठे बसायचीस, कोणी काय दिलं, कशाची भीती वाटायची, ती कधी गेली. 'शाळेने तुला काय दिलं' असा प्रश्न विचारला की पुन्हा संस्कार, शिस्त, ज्ञान हेच शब्द येतात आणि आपण नेटवरच्या भाषणाशी परत येतो.

आता लांबीचं बघू. दहावीचं मूल मंचावरून परभाषेत सावकाश बोलतं तेव्हा मिनिटाला साधारण नव्वद ते शंभर शब्द होतात. दोन मिनिटांतून टाळ्या, श्वास, माईकपर्यंत चालत जाणं वजा करा. दीडशे शब्द लिहा. उतरवलेली भाषणं तीनशे-चारशे शब्दांची असतात, म्हणून मुलं पळत सुटतात आणि पळताना पडतात.

दीडशे शब्दांत एक प्रसंग नीट मावतो, दुसरा जेमतेम, तिसरा मावतच नाही. सगळ्या शिक्षकांची नावं घेऊन आभार मानायचे नाहीत. सात नावं घेतली आणि आठवं राहिलं की तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. 'डिअर टीचर्स' म्हटलं की सगळे आले.

त्या मुलीचं शेवटी झालेलं भाषण खाली देतो. इंग्रजी वाक्यं मी इथे देवनागरीत लिहितोय, कारण तुम्हाला वाचून तिच्याकडून म्हणवून घेता यावं. मुलीच्या कागदावर मात्र ती इंग्रजी अक्षरांतच असू द्या. त्याचं कारण पुढे येईल.

"रिस्पेक्टेड हेडमास्टर, डिअर टीचर्स अँड डिअर फ्रेंड्स. आय केम टू धिस स्कूल बाय एसटी बस फॉर फाइव्ह इयर्स. द बस वॉज ऑफन लेट. आफ्टर द प्रेअर, द गेट हॅड टू क्लोज. बट अवर शिपाई काका वेटेड फॉर अस. ही स्टुड विथ वन हँड ऑन द गेट अँड लुक्ड ॲट द रोड. आय सॉ दॅट हँड एव्हरी डे. आय नेव्हर सेड थँक यू. टुडे आय से इट. थँक यू, काका.

माय टीचर्स ऑल्सो वेटेड फॉर मी. इन क्लास सिक्स, आय कुड नॉट रीड वन लाइन ऑफ इंग्लिश. माय टीचर डिड नॉट आस्क अनदर स्टुडंट. ही वेटेड. देन आय रेड इट.

नाऊ वी, द स्टुडंट्स ऑफ क्लास टेन, आर लीव्हिंग. यू, अवर यंगर फ्रेंड्स, आर स्टेइंग. द बस विल बी लेट अगेन. प्लीज कीप अ प्लेस इन द प्रेअर लाइन फॉर द लास्ट गर्ल. थँक यू ऑल."

मोजून बघा, दीडशेपेक्षा थोडेच कमी शब्द आहेत. पाचवी ते आठवीच्या मुलांना कळणार नाही असा शब्द यात जवळजवळ नाही. तिच्या पहिल्या कच्च्या कागदावर काय होतं आणि ते का बदललं, ते आता सांगतो. तुमच्या मुलीच्या कागदावरही याच जागा येतील.

पहिलं वाक्य तिने लिहिलं होतं, 'आय ॲम कमिंग इन धिस स्कूल सिन्स फाइव्ह इयर्स.' यात मराठी वाक्य जसंच्या तसं बसलंय: 'मी पाच वर्षांपासून या शाळेत येत आहे.' आपलं 'पासून' दोन कामं करतं. 'सोमवारपासून' आणि 'पाच वर्षांपासून' आपल्याला सारखंच वाटतं. इंग्रजीत जिथून सुरुवात झाली त्या दिवसाला 'सिन्स' लागतं आणि किती काळ चाललं त्याला 'फॉर' लागतं. शिवाय काम अजून चालू असेल तर क्रियापद 'हॅव बीन कमिंग' असं करावं लागतं. हे व्याकरण तिला परीक्षेसाठी येत होतं, पण मंचावर ते सांभाळणं कठीण. म्हणून मी तिला विचारलं, "आता तू शाळा सोडून चाललीस ना? मग येणं संपलं." झालं, साधा भूतकाळ: 'आय केम'. निरोपाच्या भाषणात ही सोय आपोआप मिळते, बहुतेक गोष्टी घडून गेलेल्या असतात. साध्या भूतकाळात राहा, निम्म्या चुका होणारच नाहीत. एकच गोष्ट सांभाळा. 'डिड नॉट'नंतर क्रियापद मूळ रूपात ठेवायचं. 'डिड नॉट आस्क', 'डिड नॉट आस्क्ड' नाही. ही चूक कागदावर लगेच दिसते, बोलताना मात्र निसटते, म्हणून ते वाक्य वेगळं दहा वेळा म्हणवून घ्या.

दुसरी जागा आदराची. तिने काकांबद्दल लिहिलं होतं, 'दे स्टुड ॲट द गेट.' का? कारण मराठीत आपण मोठ्या माणसाला 'ते उभे राहायचे' म्हणतो, 'तो' म्हणायला जीभ धजत नाही. पण इंग्रजीत 'दे' ऐकलं की दहा शिपाई उभे राहिलेले दिसतात. तिथे हेडमास्तरांनाही 'ही' आणि बाईंनाही 'शी'च. मुलीला हे समजावून सांगावं लागतं की 'ही' म्हटल्याने अनादर होत नाही. तिला फार संकोच वाटत होता, म्हणून आदर दुसरीकडे ठेवला, 'काका' या शब्दात. ती 'पीऊन' म्हणणार होती. मी म्हटलं, तू त्यांना रोज काय म्हणतेस? मग तेच म्हण. 'अंकल' करायची गरज नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला 'शिपाई काका' कळतं, आणि मांडवाच्या कडेला उभे असलेले ते काका स्वतःचं नाव ऐकल्यासारखे वळून बघतात. बाकी सगळं भाषण त्यांना कळलं नसतं तरी तेवढं कळलं.

तिसरी जागा मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मराठीत आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही निघालो' म्हणजे ऐकणारे मागे राहिले. 'आपण निघालो' म्हणजे सगळे मिळून. निरोपाचं सगळं भाषण या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभं असतं: कालपर्यंत 'आपण' होतो, आजपासून 'आम्ही' आणि 'तुम्ही'. इंग्रजीत दोन्हींना एकच 'वी'. त्यामुळे मुलं 'वी लव्ह अवर स्कूल, वी आर लीव्हिंग, वी विल स्टडी हार्ड' असं म्हणत जातात आणि खाली बसलेल्या नववीच्या मुलाला कळत नाही की त्यात तो आहे की नाही. म्हणून 'वी'च्या मागे पहिल्यांदाच खूण लावून द्यायची: 'वी, द स्टुडंट्स ऑफ क्लास टेन'. आणि मग समोरच्यांकडे बघून 'यू, अवर यंगर फ्रेंड्स'. मराठीत जे काम एका शब्दाने होतं ते इंग्रजीत आणखी चार-पाच शब्दांनी करावं लागतं. ते शब्द कापू नका.

'वी विल मिस यू' सगळे म्हणतात. म्हणायला हरकत नाही, चूकही नाही. पण ते एकदाच, आणि नुसतं आठवण येईल असं म्हणण्यापेक्षा कशाची आठवण येईल ते सांगितलं की पुरे. वरच्या भाषणात तो शब्द नाही, तरी त्या दिवशी मागे बसलेल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

आता उच्चार. मी वर म्हटलं की भाषण देवनागरीत लिहून द्यायचं नाही. अनेक पालक तसं देतात आणि हेतू चांगला असतो. पण देवनागरीत लिहिलं की मूल ते मराठीसारखं वाचतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखा वेळ. मराठीची चाल तशीच आहे, त्यात वावगं काही नाही. इंग्रजी वाक्यात मात्र एक-दोन शब्दांवर भार पडतो आणि बाकीचे घाईने जातात. 'आय नेव्हर सेड थँक यू' यात 'नेव्हर' उचलायचा, 'आय' हळू. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या कागदावर प्रत्येक वाक्यात एकाच शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि सांगा, इथे आवाज थोडा वर आणि थोडा लांब. एवढ्याने भाषण निम्मं सुधारतं. अडणारा शब्द असेल तर फक्त त्याच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहा. आपल्याकडे 'ॲ' आणि 'ऑ' आहेत, त्यांचा उपयोग करा. हँडचा 'हेंड' होणं आणि हॉलचा 'हाल' होणं तेवढ्याने टळतं.

बाकी उच्चारांच्या मागे फार लागू नका. 'व्ह' आणि 'व' यांतला फरक, जीभ दातांमध्ये घेऊन म्हणायचा 'थ', हे आठ दिवसांत बसत नाही आणि न बसल्याने काही बिघडत नाही. समोर बसलेले सगळे आपल्यासारखेच बोलतात. बिघडतं ते शब्द कठीण निवडल्याने. त्यासाठी माझी एक चाचणी आहे. मुलीला पूर्ण भाषण मोठ्याने तीनदा वाचू द्या. एखाद्या शब्दाला दोनदा अडखळली की तो शब्द बदला, शिकवत बसू नका. त्या मुलीने 'कडी'साठी कोशातून 'लॅच' शोधला होता. अडखळत नव्हती, पण खालच्या वर्गातल्या दोन मुलींना विचारलं तर त्यांना माहीत नव्हता. म्हणून 'वन हँड ऑन द गेट' केलं. 'ग्रॅटिट्यूड' काढून 'थँक यू' घेतलं. 'अनफर्गेटेबल' काढला आणि त्या जागी काहीच घेतलं नाही, कारण आधीच्या वाक्यानेच ते काम केलं होतं.

आपल्याकडे निरोपाच्या भाषणात साने गुरुजींचा उल्लेख हमखास येतो. ते १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, त्यामुळे खानदेशातल्या शाळांना ते घरचे वाटतात, आणि वाटावेतही. पण त्यांची ओळ इंग्रजीत उतरवून म्हणायला जाऊ नका. दोन मिनिटांत ती ओळही नीट येत नाही आणि मुलीचं बोलणंही मागे पडतं. घ्यायचीच असेल तर मराठीत घ्या, जशी आहे तशी. इंग्रजी भाषणात एक मराठी ओळ आली तर कोणी गुण कापत नाही.

एक काळजी मात्र घ्या. गोष्ट खऱ्या माणसाची असेल तर आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. काका नियम मोडून गेट उघडं ठेवायचे हे जाहीरपणे सांगितल्याने त्यांच्यावर काही येऊ नये. मी विचारलं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "मला माहीत आहे, मीच सांगितलं होतं." पण विचारलं हे बरं झालं.

आता आठ दिवसांचं. पहिले दोन दिवस मुलीचं बोलणं काढा आणि निवडा. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः इंग्रजीत लिहावं, चुकलं तरी चालेल. चौथ्या दिवशी तिच्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवा, आणि त्यांना आवर्जून सांगा की चुका दुरुस्त करा, वाक्यं भारी करू नका. आम्हा शिक्षकांना ती खोड असते. पाचव्या दिवसापासून म्हणायला सुरुवात.

पाठांतर करताना शब्दांची साखळी धरायची नाही, चित्रं धरायची. त्या भाषणात पाच चित्रं आहेत: बस, गेटवरचा हात, सहावीतलं पुस्तक, खाली बसलेली लहान मुलं, प्रार्थनेची रांग. तिला डोळे मिटून आधी चित्रं क्रमाने सांगायला लावा, मग प्रत्येक चित्राची वाक्यं. एखादं वाक्य गळलं तरी पुढचं चित्र शिल्लक असतं, त्यावर उडी मारता येते. रोज वेगळ्या चित्रापासून सुरुवात करून बघा, म्हणजे पहिल्या वाक्यावरच सगळी भिस्त राहणार नाही.

आणि भाषण मोठ्याने, उभं राहून, घराबाहेर म्हणवून घ्या. ओट्यावर, शेताच्या बांधावर, जिथे वाऱ्यात आवाज टाकावा लागतो. खोलीत बसून पुटपुटलेलं भाषण मांडवात उपयोगी पडत नाही.

मंचावर नेहमीच्या दोनच अडचणी येतात. पहिली, विसरणं. हातात तळहाताएवढं एक कार्ड असू द्या, त्यावर फक्त पाच चित्रांचे पाच शब्द आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य. पूर्ण भाषण कार्डावर लिहिलं की नजर ओळ शोधत बसते. कार्डाकडे बघणं ही चूक नाही हे तिला आधीच सांगा, नाहीतर ती हात मागे लपवेल. तरीही नाहीच आठवलं तर ते एक वाक्य मराठीत म्हणायचं आणि पुढच्या चित्रावर इंग्रजीत परत यायचं. त्या मुलीने तसंच केलं. 'ही स्टुड विथ' इथे शब्द गेला. ती क्षणभर थांबली, "काका गेटवर हात ठेवून उभे असायचे" म्हणाली आणि 'आय सॉ दॅट हँड' पासून पुढे गेली. मांडवात कोणालाही ती चूक वाटली नाही.

दुसरी अडचण रडू. निरोपाला ते येणारच. लांब वाक्याच्या मधोमध गळा दाटला की वाक्य तुटतं आणि उरलेलं परभाषेत जुळवता येत नाही. चार-पाच शब्दांची वाक्यं असली की प्रत्येक पूर्णविरामाला श्वास घेता येतो. रडू येईल असं वाक्य कोणतं हे तिला माहीत असतं. त्याच्या आधी कार्डावर एक उभी रेघ मारून ठेवा: इथे थांब, श्वास घे, माणसाकडे बघ, मग बोल. वरच्या भाषणात ती रेघ 'थँक यू, काका'च्या आधी होती. 'काका' म्हटल्यावर टाळ्या झाल्या आणि तिला घोटभर पाणी प्यायला वेळ मिळाला. टाळ्या चालू असताना पुढचं वाक्य सुरू करायचं नाही, एवढं तिला सांगून ठेवा.

समारंभाच्या सकाळी लवकर जाऊन तिला एकदा चालू माईकवर फक्त पहिलं वाक्य म्हणू द्या. माईक तोंडापासून वीतभर. जवळ धरला तर 'प'ला फुंकर लागते, लांब धरला तर मागच्या रांगेला ऐकू जात नाही. स्पीकरमधून स्वतःचा आवाज थोडा उशिराने येतो, तो एकदा कानावर पडलेला असला की दुपारी ती दचकत नाही. लाइट नसेल तर मंडपवाल्याला विचारून जनरेटर लागल्यावर करा, पण ते एक वाक्य करूनच घ्या.